मध्यमांची उतरंड

सिनेमा चारच मिनिटांचा आहे, ओळखीतल्या मुलांनी मिळून केलेला. रात्री अडीचचा सुमार, रावेतच्या बंधाऱ्यावरून उतरणारं पवनेचं पाणी, काठावरचे दिवे, आणि तिसऱ्या पाळीच्या कामगारांना घेऊन जाणारी एक बस. बोलणं कुणाचंच नाही. बासरीवर मालकंसाचा आलाप ठरला होता आणि त्या आलापाखाली काय वाजवायचं ते माझ्याकडे होतं. मी कीबोर्डवर सहा कॉर्ड बसवल्या आणि रविवारी सकाळी मामांना ऐकायला बोलावलं. मामा मुकाई चौकाजवळ राहतात. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी झाली, आणि भजनी मंडळात पेटीची साथ नोकरीच्या आधीपासून चालू आहे ती अजून सुटलेली नाही. ते आले ते पेटी घेऊनच. माझ्या सगळ्या कॉर्ड ऐकून झाल्यावर त्यांनी पहिलीबद्दल एक प्रश्न विचारला आणि चहा गार झाला. पुढचं बोलणं आठवतं तसं उतरवते आहे.

मामा : यात सा कुठला?

मी : सगळ्यात खालचा. काळी पाच.

मामा : तू म्हणतेस म्हणून. मला तो सा वाटत नाही. परत वाजव. काय दाबलंस?

मी : काळी पाच, तिच्या वर काळी दोन, तिच्या वर काळी चार. म्हणजे सा, मध्यम, आणि कोमल निषाद. सा पासून मध्यम जितका लांब, तितकाच मध्यमापासून कोमल निषाद लांब. सा चा मध्यम घेतला, मग त्या मध्यमालाच सा मानून त्याचा मध्यम घेतला. इंग्रजीत याला क्वार्टल हार्मनी म्हणतात. चौथ्या सुरांची रचना.

मामा : मध्यमावर मध्यम. उतरंडच झाली की. स्वयंपाकघरात मडक्यावर मडकं ठेवायचे तशी.

मी : तसंच. आणि नेहमीच्या कॉर्डमध्ये मडकी जरा जवळजवळ असतात. सा, गंधार, पंचम. तिथे दोन सुरांमधलं अंतर तिसऱ्याचं असतं.

मामा : मग त्या नेहमीच्या कॉर्डनं तुझं काय घोडं मारलंय? अगं, सा-ग-प कुणी शोधून काढलेलं नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली, जवारी चांगली असली, की गंधार आपोआप बोलतो. स्वयंभू गंधार म्हणतो आपण त्याला. पंचमही त्याच तारेतून येतो. सा च्या पोटात ते दोघं बसलेलेच आहेत. ती कॉर्ड वाजवली की लहान मूलसुद्धा सांगेल, सा हा. आणि तू जे वाजवलंस ते ऐकून मला वाटतं, दार उघडं टाकून घरातली माणसं कुठेतरी निघून गेलीत.

मी : दार उघडं वाटतंय ना? मला तेच पाहिजे होतं. सिनेमातल्या त्या रात्री काही घडत नाही. आनंद नाही, दुःख नाही. शुद्ध गंधार आला की कॉर्ड हसरी होते, कोमल गंधार आला की उदास होते. मला दोन्ही नको होतं.

मामा : मग आलाप एकटा ठेव. खाली तंबोरा लाव. मालकंसाला आणखी काय लागतं?

मी : तंबोरा ठेवणारच आहे, त्यावर मग येते. पण आधी हे बघा, मालकंसाला नेहमीची कॉर्ड लावायची म्हटली तर काय होतं. सा वर कॉर्ड बांधायची तर पंचम पाहिजे. मालकंसात पंचम आहे कुठे?

मामा : वर्ज्य. रिषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य.

मी : म्हणजे ज्या सा बद्दल तुम्ही एवढं बोललात, त्या सा वर मालकंसात नेहमीची कॉर्ड उभीच राहत नाही. पाच सुरांत मिळून दोनच कॉर्ड होतात. एक मध्यमावर : मध्यम, कोमल धैवत, सा. दुसरी धैवतावर : कोमल धैवत, सा, कोमल गंधार. ती दुसरी जरा पेटीवर धरा. काळी तीन, काळी पाच, काळी एक. आणि धरून ठेवून मालकंस गुणगुणा.

मामांनी तीन पट्ट्या दाबून ठेवल्या आणि डोळे मिटून अवरोह घेतला. दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबले.

मामा : हा भूप झाला.

मी : झाला ना?

मामा : काळी तीनचा भूप. पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो तो. सूर तेच आहेत गं, मी एकही पट्टी बदलली नाही. पण खाली ती कॉर्ड आली आणि काळी तीन सा होऊन बसली. माझा सा तिचा गंधार झाला.

मी : भूपाच्या गंधाराला सा मानलं की मालकंस होतो, हे तुम्हीच मला शिकवलंय. मूर्च्छना. कॉर्डनं ती मूर्च्छना उलट फिरवली. कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये मालकंसाखाली असल्या कॉर्ड येतात आणि ऐकणाऱ्याला नुसतं वाटत राहतं की काहीतरी गोड झालंय, गांभीर्य गेलंय. कारण हेच असतं.

मामा : बरं, हे मान्य. तिसऱ्याची कॉर्ड मालकंसात नको. म्हणून चौथ्याची चालते, हे कशावरून?

मी : आता भाता मी मारते. तुम्ही दोन्ही हात वापरा. खालच्या काळी पाचपासून सुरू करा आणि मध्यमावर मध्यम चढवत जा.

पेटीवाल्याचा एक हात कायम भात्यावर असतो, त्यामुळे त्याला एका वेळी एकाच हाताइतके सूर मिळतात. मी पेटीच्या मागे जाऊन बसले आणि भाता धरला. मामांनी डाव्या हाताने काळी पाच, काळी दोन, काळी चार धरली, आणि उजव्या हाताने वरच्या सप्तकातली काळी एक आणि काळी तीन.

मामा : सा, मध्यम, निषाद, गंधार, धैवत. थांब. हे तर मालकंसाचे पाचही सूर आले. बाहेरचा एकही नाही.

मी : आणि पेटीवरच्या पाचही काळ्या. पाच, दोन, चार, एक, तीन. मालकंस म्हणजे सा पासून चढवलेली चार मध्यमांची उतरंडच आहे. आरोह करताना आपण ते सूर एका सप्तकात गोळा करतो म्हणून लक्षात येत नाही. आता आणखी एक मडकं चढवा. धैवताचा मध्यम कुठला?

मामा : काळी तीनचा मध्यम… पांढरी सात. कोमल रिषभ!

मी : दाबा.

मामा : नको, नको. सा ला जाऊन खेटला. काळी पाच आणि पांढरी सात शेजारी शेजारी.

मी : पाचपर्यंत कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. पाच सुरांच्या या रचनेत अर्ध्या सुराचं अंतर कुठेच नसतं. सहावा आला की पहिल्याशी भांडतो, मग तो कितीही वर वाजवा. व्हिएन्नाच्या शोनबर्गनं 1906 मध्ये एक चेंबर सिंफनी लिहिली. तिच्या सुरुवातीला हॉर्न एकटा चौथ्या-चौथ्यानं चढत जातो, आणि तो सहा सुरांपर्यंत जातो. मोकळेपणा त्याला नकोच होता, ताण पाहिजे होता. तो त्याला सहाव्या सुरातून मिळाला. मला तो नको, म्हणून मी पाचावर थांबते.

मामा : आणखी एक गंमत सांगू? मालकंसात एक सूर सोडून एक घेत गेलं की तुझी उतरंड होते. सा, गंधार सोडला, मध्यम. धैवत सोडला, निषाद. बिलावलात एक सोडून एक घेतलं तर सा-ग-प. हात तोच, रीत तीच. सुरांची संख्या बदलली.

मी : हे मला सुचलं नव्हतं. पण बरोबर आहे. सात सुरांत एक सोडून एक घेतलं की तिसरा मिळतो, पाच सुरांत चौथा. फक्त वरती पोचल्यावर धैवत ते सा एवढं एकच अंतर तिसऱ्याचं निघतं. आणि बिलावलात उलट गंमत. तिथे मध्यमावर मध्यम चढवायला गेलं की एका ठिकाणी पाय घसरतो. शुद्ध मध्यमापासून शुद्ध निषाद हे अंतर चौथ्यापेक्षा अर्ध्या सुरानं मोठं पडतं. त्यामुळे सात सुरांवरून तीन-तीन सुरांच्या उतरंडी केल्या, तर त्यातल्या दोन ठिकाणी कॉर्ड एकदम वाकडी वाजते. नवीन शिकणारा म्हणतो, बोट चुकलं. बोट चुकलेलं नसतं, रागात ती जागाच तशी असते.

मामा : आता माझी शंका ऐक. तू म्हणतेस, मध्यमामुळे मोकळं वाटतं. मला वाटतं, मध्यमाचा यात फार हात नाही. हे बघ.

त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली, भाता हातात घेतला आणि काळी पाचपासून वरच्या काळी चारपर्यंतच्या पाचही काळ्या पाच बोटांनी एकदम दाबल्या.

मामा : सूर तेच पाच. आता मोकळं वाटतं?

मी : नाही. कोंदलं.

मामा : मग? मोकळेपणा अंतरातला आहे. माणसं तीच, खोली बदलली. तू पाच माणसं दोन सप्तकांत पांगवलीस, मी एका सप्तकात कोंबली. मध्यमाला श्रेय कशाला देतेस?

मी : अर्धं मान्य. रचना पसरलेली नसेल तर काहीच उपयोग नाही. पण पसरायची रीत कुठली, हा प्रश्न उरतोच. तुम्ही दाबलेल्या गोळ्यात सगळ्यात जवळचे सूर एका पूर्ण सुराच्या अंतरावर आहेत. माझ्या उतरंडीत शेजारचे सूर अडीच-अडीच सुरांवर आहेत, आणि सगळीकडे सारखेच. नेहमीच्या कॉर्डमध्ये अंतर कमीजास्त असतं, म्हणून कान लगेच म्हणतो, हा खालचा, हा मधला, हा महत्त्वाचा. इथे सगळ्या पायऱ्या एका मापाच्या.

मामा : हां. मापाचं म्हणशील तर माझ्या कामाचं आहे.

मी : मग आता तुमच्या कामाचंच सांगते. पेटीवर काळी पाच दाबा आणि बरोबर पांढरी दोन. सा आणि शुद्ध गंधार. लांब धरा. काय ऐकू येतं?

मामा : खरखर. थरथरतंय. हे नेहमीचंच आहे. पेटीचा गंधार चढा असतो, गवई उगीच नाक मुरडत नाहीत.

मी : आता गंधार सोडून लगेच शेजारची काळी दोन. सा आणि मध्यम.

मामा : स्थिर. अगदी हळू एक झोका आहे, बस.

मी : पेटी नीट लागलेली असली तर या पट्टीत गंधाराला सेकंदाला साधारण नऊ झोके पडतात आणि मध्यमाला एक. आपल्या पेट्या आणि कीबोर्ड सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावतात. एका भागाचे शंभर कण मानले, तर त्या वाटणीत शुद्ध गंधार नैसर्गिक जागेपासून जवळजवळ चौदा कण चढतो. मध्यम फक्त दोन कण. तुमच्या टूलरूमच्या भाषेत, मध्यम टॉलरन्समध्ये बसतो, गंधार रिजेक्ट.

मामा : म्हणजे पेटी नि पियानोवर चौथ्याची कॉर्ड तिसऱ्याच्या कॉर्डपेक्षा जास्त सुरेल वाजते?

मी : झोके कमी, म्हणून स्वच्छ. मोकळेपणाचं एक कारण इतकं साधं आहे. पियानोवर काम करणाऱ्यांना हे गणित माहीत असो नसो, कानाला कळतंच.

मामा : पण मग ते वरचे? मध्यमावर मध्यम चढवत गंधारापर्यंत आलीस. तो गंधार कुठला? दोन आहेत.

मी : हे बरोबर धरलंत. सा 240 धरला तर मध्यम 320. त्याचा मध्यम 426 आणि थोडं. त्याचा मध्यम काढून खालच्या सप्तकात आणला की कोमल गंधार 284 च्या आसपास येतो. सा शी सहास पाच या प्रमाणात जुळवला तर तोच कोमल गंधार 288 ला येतो. उतरंडीतून येणारा गंधार उतरलेला असतो. बावीस श्रुतींच्या हिशेबात दोघांनाही जागा आहे.

मामा : मग बासरीवाला 288 चा लावेल आणि तुझा कीबोर्ड खाली दुसराच वाजवेल, तर दोघांत झोंबाझोंबी होईल.

मी : होईल. म्हणून आलाप गंधारावर थांबतो तिथे मी खालच्या रचनेतून गंधार काढून घेणार. तीनच सूर ठेवणार, सा-मध्यम-निषाद. ही सावधगिरी रागावर कॉर्ड लावणाऱ्या प्रत्येकाला घ्यावी लागते. राग सुरात असतो, कॉर्डही सुरात असते, आणि दोन्ही एकत्र बेसूर लागतात.

मामा : ठीक. पण माझा पहिला प्रश्न तू टाळलास. सा कुठे आहे? तुझी उतरंड स्वच्छ आहे, मापात आहे, रागाच्या सुरांतली आहे. तरी खालचा सूर मला सा वाटत नाही. मला मध्यमच सा वाटतो.

मी : का वाटतो ते सांगा ना. मालकंसाला तंबोरा मध्यमाचा लावता, तेव्हा काय होतं?

मामा : नवख्याची पंचाईत होते. मध्यमाची तार जास्त बोलली की दहा मिनिटांत तो मध्यमालाच सा धरून गायला लागतो. म्हणून तंबोरा मिळवताना मध्यम बेतानं ठेवतात, जोडीच्या तारा आणि खर्ज भक्कम ठेवतात.

मी : त्याचं कारण आकड्यांत दिसतं. सा आणि पंचम यांचं नातं दोनास तीन. सा आणि मध्यम यांचं तीनास चार. आता एखाद्या तारेतून निघणारे सूर मोजा : एक, दोन, तीन, चार. एक, दोन आणि चार हा एकच सूर आहे, वेगवेगळ्या सप्तकांतला. तिसरा त्याचा पंचम. मग तीन आणि चार एकत्र वाजले की कान चारला घरधनी मानतो आणि तीनला त्याचा पंचम. सा-मध्यम वाजवलं की मध्यम मालक होतो आणि सा त्याच्याकडे पाहुणा.

मामा : बघ, मीच म्हणत होतो.

मी : थांबा. मध्यमावर निषाद चढवला की निषाद म्हणतो, मालक मी. त्यावर गंधार चढवला की तोही तेच म्हणतो. खालच्या प्रत्येकाला वरचा ढकलतो, आणि निकाल कुणाच्याच बाजूनं लागत नाही. तुम्हाला घरात माणसं नाहीत असं वाटलं. खरं तर सगळेच मालकी सांगतात. म्हणून ही कॉर्ड कुठे जायचा हट्ट करत नाही. सा-ग-प नंतर काय यावं याची कानाला अपेक्षा असते. हिच्यानंतर काहीही येऊ शकतं, किंवा ती तशीच चार मिनिटं राहू शकते.

मामा : चार मिनिटं एक जागा धरून राहणं हे तर आपलं काम आहे. आपला तंबोरा दोन तास तेच वाजवतो.

मी : म्हणूनच अमेरिकेतल्या जॅझवाल्यांना ही रचना 1960 च्या आसपास कामाला आली. त्याआधी त्यांच्या गाण्यात कॉर्ड दर दोन-चार ठोक्यांना बदलायच्या. मग माइल्स डेव्हिसनं 1959 मध्ये "सो व्हॉट" ध्वनिमुद्रित केलं. त्यात सोळा आवर्तनं एकच सप्तक, मग आठ आवर्तनं अर्धा सूर वर, मग आठ परत खाली. इतका वेळ एका जागी थांबायचं तर तिसऱ्यांच्या कॉर्ड अस्वस्थ करतात. बिल इव्हान्सनं पियानोवर जी कॉर्ड घेतली ती खालून तीन वेळा चौथा आणि सगळ्यात वर एकदा तिसरा. मालकंसाच्या भाषेत सांगू? मध्यम, निषाद, गंधार, धैवत, सा.

मामा : म्हणजे आपलीच उतरंड. फक्त सा खालून उचलून डोक्यावर ठेवला.

मी : आणि कोपऱ्यातली गिटार घ्या. एकही बोट न लावता वरच्या पाच तारा छेडा, जाड तारेपासून. पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात. तीच कॉर्ड. पांढरी सातला सा मानलं तर उघड्या गिटारीवर पूर्ण मालकंस वाजतो.

मामांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, अंगठा फिरवला, आणि पांढरी सातच्या तारेवर बोट आपटत मालकंसाची सुरुवात गुणगुणले. मग गिटार परत दिली.

मामा : गंमत आहे. पण तरी मला या डोक्यावरच्या सा चं समाधान नाही. त्यांच्यात कुणी खाली सा ठेवला नाही का?

मी : ठेवला. मॅकॉय टायनर नावाचा पियानोवाला 1960 ते 1965 जॉन कोल्ट्रेनबरोबर होता. त्याचा डावा हात अगदी खाली, खर्जात, सा आणि पंचम जोरात ठोकतो आणि दम टाकतो. तो घुमत असताना वर चौथ्यांच्या रचना पुढे-मागे सरकत राहतात. कोल्ट्रेन त्या काळात आपलं संगीत ऐकत होता. 1961 मध्ये त्यानं "इंडिया" नावाची रचना वाजवली, आणि पुढे मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून.

मामा : मग तो टायनर शहाणा. खाली तंबोरा ठेवला, वर मोकळं सोडलं. तू काय केलंस? तंबोराच ठेवला नाहीस आणि उतरंड थेट खर्जातून सुरू केलीस. खालचे सूर जवळ आले की नुसता चिखल होतो. मघाशी तुझ्या स्पीकरमधून तो घुरघुराट येत होता तो कशाचा?

मी : खालच्या सप्तकातल्या सा-मध्यमाचा. हे मला उशिरा कळलं. खर्जात चौथा मोकळा वाटत नाही, गढूळ वाटतो.

मामा : आणि दुसरं. तुझ्या सहाच्या सहा कॉर्ड एकाच साच्यातल्या होत्या. हात तसाच ठेवून पट्ट्यांवरून सरकवलास. पहिल्या दोनला मला वाटलं, वा, आकाश उघडलं. तिसरीला वाटलं, बरं. पाचवीला वाटलं, आता कुणीतरी सम दाखवा.

मी : ही या रचनेची खरी मर्यादा आहे. सगळंच मोकळं ठेवलं की मोकळं काही वाटेनासं होतं. आणि हात सरकवणं सोपं असल्यामुळे नवीन माणूस हमखास त्यात अडकतो. पार्श्वसंगीतात असं पुष्कळ ऐकू येतं, अवकाश दाखवायचा असला की चौथे, समुद्र दाखवायचा असला की चौथे.

मामा : आता बंधारा दाखवायचा असला की चौथे.

मी : (हसून) मग काय करू, सांगा.

मामा : भरताच्या काळापासून आपल्याकडे नऊ आणि तेरा श्रुतींवरचे सूर संवादी मानलेत. नऊ म्हणजे मध्यम, तेरा म्हणजे पंचम. मालकंसात वादी मध्यम आणि संवादी सा. म्हणजे तुझी रचना परकी नाही, हे मी आज मानलं. पण संवाद दोघांत असतो. तू मध्यमाला बोलू दिलंस आणि सा ला गप्प बसवलंस. सा ला त्याची जागा दे, मग वर काय चढवायचं ते चढव.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ती चार मिनिटं परत बांधली. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत खाली तंबोरा, मध्यमाचा, पण मध्यमाची तार बेतानं. कीबोर्डवरचा खर्ज काढून टाकला. उतरंड मध्य सप्तकातल्या सा पासून. आलाप सुरू होतो तेव्हा फक्त सा-मध्यम-निषाद. बस पुलाकडे वळते तिथे वर गंधार आणि धैवत येतात, आणि पाचही सूर एकदाच, सोळा सेकंद धरलेले. बासरी गंधारावर थांबते तिथे कीबोर्डचा गंधार गप्प. हात सरकवून घेतलेल्या सहा कॉर्डपैकी दोनच राहिल्या : सा-मध्यम-निषाद आणि मध्यम-निषाद-गंधार. शेवटी पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं तिथे मामांनी हट्टानं एकच तिसऱ्याची कॉर्ड ठेवायला लावली, मध्यम-धैवत-सा, कारण एवढ्या मोकळ्या आवाजानंतर कानाला एकदा टेकू मिळाला पाहिजे. ती संपली की नुसता तंबोरा.

धैवतावरची ती कॉर्ड मात्र घेतली नाही. तिनं भूप केला असता.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे पेटी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी भाता मारायला सांगा आणि काळी पाच, दोन, चार, एक, तीन अशी दोन सप्तकांत चढवून धरा. मग त्याच पाच काळ्या एका सप्तकात एकदम दाबा. आणि शेवटी उतरंड परत धरून तिच्यावर पांढरी सात ठेवून बघा. मोकळेपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते तीन वेळा दाबून कळतं.

पेटी मामा विसरून गेले होते. संध्याकाळी भजन होतं, म्हणून मीच ती मुकाई चौकात नेऊन दिली.